फळ्यावरचे काळे पट्टे

त्या उन्हाळ्यात लातुरात माणसं एकमेकांना भेटली की खुशाली विचारायची सोडून "पाणी आलं का?" असंच विचारायची. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं होतं, तरी आपल्या गल्लीत टँकर कधी येईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. खासगी वसतिगृहांनी पोरांना गावी धाडून दिलं होतं. एरवी सायकली आणि दप्तरांनी तुंबलेला शिकवण्यांचा रस्ता सकाळी दहालाच ओस पडायचा. चहावाले टपऱ्या झाकून बसायचे, कारण कप धुवायला पाणी कुठनं आणायचं?

भीमाशंकरचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. मूळचा मुरुडचा, पण संसार सगळा लातुरात झालेला. त्या वर्षी लग्नं झाली ती देवळात, अर्ध्या तासात, चार माणसांत. व्हिडिओ कोण काढतंय? म्हणून मिळेल ते काम तो घ्यायचा. असाच एके दिवशी तो उदगीरला जाऊन आला. तिथं नवा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघाला होता. भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, त्यानं घोषणा देणारी माणसं टिपली. "जिल्हा झाला म्हंजी नळाला पाणी येतंय का रं?" असं मोर्चातल्याच एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो पुढं चालायला लागला. परतीच्या एसटीत भीमाशंकर बसल्या बसल्या झोपला. घरी पोचला तर बायको गुणाबाई घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. तो तसाच, बुटासकट, रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलम्मांचा फोन आला. सिद्धलिंग सरांच्या बायको.

"आजपासून यायचं ठरलंय ना हो? सर तयार हाइत. उशीर करू नका. आवाज सकाळीच जरा बरा असतोय त्यांचा."

सिद्धलिंग सर म्हणजे लातुरातले जुने फिजिक्सचे मास्तर. मोठमोठ्या क्लासेसच्या आधीपासून शिकवणारे. गांधी चौकाच्या मागं एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा एक हॉल, पन्नास-साठ बाकं, लांबलचक फळा. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशन शुक्रवारी. माणूस वाचेल, पण आवाज जाईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सर घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कमलम्मांकरवी भीमाशंकरला निरोप दिला. पोरांना हमखास अडतात असे काही धडे होते, ते त्यांना आपल्या आवाजात ठेवून जायचे होते.

भीमाशंकर पोचला तेव्हा सर फळा पुसत होते. उंच, वाळलेला माणूस, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, गळ्याभोवती मऊ पंचा. कमलम्मा पहिल्या बाकावर कोमट पाण्याचा थर्मास घेऊन बसलेल्या. निलंग्याकडच्या त्या, बोलण्यात कानडी हेल. स्वतः प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या.

"जास्त बोलायला लावू नका त्यांना," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनी सांगितलंय, कमी बोला. पण हे ऐकतेत कुठं."

सर हसले आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "शुक्रवारनंतर ऐकणारच आहे की. सगळं ऐकतो तुझं."

कमलम्मा हसल्या नाहीत.

खाली रस्त्यावर टँकरची भांडणं चालली होती. घागरींचा खडखडाट, बायकांचा आरडाओरडा, ड्रायव्हरचा हॉर्न. सरांचा आवाज मुळातच नाजूक, त्यात हा गोंगाट. म्हणून भीमाशंकरनं खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले आणि छताच्या सगळ्या ट्यूब लावल्या. जुन्या ट्यूब काढून सरांनी गेल्याच वर्षी एलईडीच्या स्वस्तातल्या बसवल्या होत्या. पंखेही बंद केले, त्यांचा घरघराट माइकमध्ये येत होता. हॉल भट्टीसारखा तापला.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर भीमाशंकरला फळा दिसला, सर दिसले. फळ्यावर आडव्या दोन गडद छटा दिसल्या. खिडकीच्या पडद्याच्या सावल्या असतील, असं त्याला वाटलं. त्या हलत नव्हत्या, जागच्या जागी होत्या, म्हणून सावल्याच असणार. डोळे चुरचुरत होते. रात्री धड झोप झाली नव्हती. कॉलर माइक सरांच्या सदऱ्याला लावला, हेडफोनमधून आवाज तपासला, तो चांगला होता, आणि त्यानं बोटानं खूण केली.

सरांनी खडू उचलला आणि शिकवायला लागले.

दोन दिवस ते असे शिकवत राहिले. दहा मिनिटं बोलायचे, मग थांबून पाण्याचा घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, परत उभं राहायचे. फिरणारं चाक, त्याचं जडत्व, सायकल का पडत नाही, तळ्यात दोन दगड टाकले की लाटा कुठं एकमेकींना वाढवतात आणि कुठं मारतात. रिकाम्या बाकांकडं बघत ते मधेच विचारायचे, "कळलं का?" आणि जणू कुणी मान डोलावली, असं धरून पुढं जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या आवाजाला भेगा पडायला लागल्या. कमलम्मा उठल्या आणि त्यांनी खडू सरांच्या हातातून काढून घेतला.

भीमाशंकरला घरी जाऊन लगेच चित्रण तपासता आलं नाही. पहिल्या दिवशी वीज नव्हती, दुसऱ्या दिवशी टँकर आला होता. त्या संध्याकाळी उशिरा त्यानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि पहिली फाइल उघडली.

मोठ्या पडद्यावर दोन काळपट आडवे पट्टे फळ्याच्या आरपार गेलेले दिसले. एक सरांच्या छातीवरून, एक लिहिलेल्या समीकरणावरून. ते सावकाश, गोगलगायीच्या चालीनं, वर सरकत होते. पट्टा सरांच्या चेहऱ्यावर आला की चेहरा काळवंडायचा, मग हळूच उजळायचा. चित्रावर बारीक दाणेही उठले होते. त्यानं दुसरी फाइल उघडली. तेच. तिसरी. तेच.

त्यानं कॅमेरा हातात घेऊन आकडे बघितले. शटर पाचशेवर होतं, म्हणजे दर चित्राला उजेड आत यायचा तो सेकंदाचा पाचशेवा भागच. उदगीरच्या उन्हात चित्र पांढरं पडू नये म्हणून त्यानं ते तिथं चढवलं होतं, आणि तसंच राहून गेलं होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्यानं आपला आपण उजेड वाढवून घेतला, म्हणून चित्र काळं दिसलं नाही, आणि त्यालाही काही खटकलं नाही. ट्यूबखाली शूटिंग म्हटलं की शटर पन्नासवर, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. लग्नाच्या हॉलमध्ये इतकी वर्षं त्यानं दुसरं केलंच नव्हतं.

"काय झालं?" गुणाबाईनं विचारलं.

"घोळ झाला," तो म्हणाला. "लई मोठा."

"मग सांगा जाऊन त्यास्नी. बसून काय व्हतंय?"

सकाळी तो लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेला. वाटेत त्यानं मनात चार वाक्यं जुळवली होती, पण दारात उभ्या कमलम्मा बघितल्या आणि ती चारही विसरला. सरळ लॅपटॉप उघडला, फाइल लावली आणि म्हणाला, "सर, माझ्या हातनं चूक झाली. दोन दिवसाचं चित्र खराब आलं."

सर खुर्ची ओढून जवळ आले. त्यांनी बघितलं. कमलम्मांनी मात्र बघितलंच नाही. त्या भिंतीशी पाटावर बसल्या आणि डोळे मिटले.

"दोन दिवस," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, नुसत्या थकलेल्या होत्या. "दोन दिवस त्या माणसानं गळा फाडला. नायगावची नात फोनवर म्हणत होती, आजोबा बोला, बोला. मी नाही म्हणाले. आवाज राखायचा होता. तो असा राखला का आम्ही?"

भीमाशंकरला वाटलं, जमीन फाटावी.

सर मात्र पडद्याकडं बघत राहिले होते. त्यांनी हात पुढं करून चित्र थांबवलं, परत चालवलं, परत थांबवलं. मग कोपऱ्यातली पाटी ओढली. आवाज वाचवायला ते आता घरात पाटीवरच लिहायचे. त्यावर लिहिलं: शटर किती होतं?

"पाचशे. पाहिजे होतं पन्नास."

सरांनी मान डोलावली. पाटीवर एक रेघ काढली, डोंगर-दऱ्यांसारखी, वर-खाली जाणारी. मग ते लिहीत गेले आणि मधेमधे कुजबुजत गेले, कारण शिकवताना गप्प राहणं त्यांना जमतच नव्हतं.

"आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते. पुढं गेली तरी दिवा उजळतो, मागं आली तरी उजळतो. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं." त्यांनी डोंगराच्या एका बाजूला बारीक उभी रेघ मारली. "कॅमेरा चित्र एकदम घेत नाही ना? वरून खाली, एकेक ओळ?"

"हाव. वरनं खाली वाचत येतंय."

"मग बघा. प्रत्येक ओळीला तुम्ही पाचशेवा भागच उघडं ठेवलं. डोंगराचा पाचवा तुकडा. कुणा ओळीला शिखर मिळालं, कुणाला दरी. दरीतल्या ओळी काळ्या." पंच्यानं त्यांनी तोंड पुसलं. "शंभरावा भाग ठेवला असता तर प्रत्येक ओळीला एक अख्खा डोंगर. पन्नासावा ठेवला तर दोन अख्खे. मग कुणावर अन्याय नाही. साठ चालणार नाही. एक डोंगर आणि दुसऱ्याचा अर्धवट लचका."

"पण ते हलत का न्हवते, सर? हलले असते तर मला तिथंच कळलं असतं."

"सेकंदाला पंचवीस चित्रं घेता?"

"हाव, पंचवीस."

"एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत बरोब्बर चार डोंगर. म्हणून पट्टा दर वेळी त्याच जागी. वीज जराशी कमी-जास्त धावते, तेवढाच सरकतो." ते क्षणभर पडद्याकडं बघून हसले. "छान उदाहरण आहे."

"अहो," कमलम्मा म्हणाल्या, "बास करा की."

सरांनी पाटी खाली ठेवली आणि लॅपटॉपवरची फाइल परत चालू केली. सरांचा परवाचा आवाज चाकाबद्दल सांगत होता. वजन मध्याशी असलं तर चाक लवकर फिरतं, कडेला असलं तर उशिरा. आवाज खरखरीत होता, पण शब्द न शब्द सुटा कळत होता. भीमाशंकरनं फाइल बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," कमलम्मा म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. काही वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज तर सगळा आहे की यात. त्याला कुठं पट्टे पडलेत?"

भीमाशंकरचा हात तसाच थांबला. तो सरांकडं वळला, सर त्याच्याकडंच बघत होते.

"सर," तो हळूहळू, मनातल्या मनात जुळवत म्हणाला, "तुम्ही बोलायचंच न्हाई. मी हाच आवाज स्पीकरवर लावतो. तुम्ही निस्तं फळ्यावर लिहायचं, बोलण्याच्या बरोबरीनं. मी पाठीमागनं, बाजूनं, हात आणि फळा घेतो. तोंड दिसलंच न्हाई तर व्हट जुळले का न्हाई ते कोण बघतंय? नंतर जुना आवाज खाली चिटकवतो."

सरांनी पाटीवर लिहिलं: कधी?

"आत्ताच."

कमलम्मा उठल्या. थर्मास भरायला आत गेल्या. आतून नळाखाली भांडं सरकवल्याचा आवाज आला आणि मागोमाग त्यांचं, "पाणी नाही आलं आज," असं पुटपुटणं.

हॉलवर गेले तर वीज नव्हती. इमारतीच्या मालकानं खाली जनरेटर लावून दिला. भीमाशंकरनं पडदे ओढले, ट्यूब लावल्या, या वेळी शटर पन्नासवर ठेवून दोनदा खात्री केली. लॅपटॉप कॅमेऱ्याला जोडून मोठं चित्र समोर ठेवलं, आता छोट्या पडद्यावर त्याचा विश्वास राहिला नव्हता. चित्र स्वच्छ आलं. सरांनी खडू उचलला. स्पीकरवरून त्यांचाच आवाज आला, "तर मुलांनो, चाक," आणि त्यांनी फळ्यावर गोल काढायला घेतला.

तेवढ्यात खालच्या बोअरची मोटर त्याच जनरेटरवर सुरू झाली. ट्यूब किंचित मंदावल्या आणि चित्रावर फिकट पट्टे उठले. कालच्याइतके काळे नव्हते, पण होते. आणि हे धावत होते, भराभर, वरून खाली.

"आता पन्नासवर असून?" भीमाशंकर वैतागून म्हणाला.

सरांनी खडूनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: जनरेटर पन्नास नाही आता. दमला. ४६? ४७?

तसंच होतं. ओझं पडल्यावर इंजिनाचा वेग उतरला होता आणि त्याबरोबर विजेचाही. डोंगर रुंद झाले होते. पन्नासाव्या भागात आता दोन अख्खे मावत नव्हते. भीमाशंकरच्या कॅमेऱ्यात शटर चाळीस, पन्नास, साठ असंच बदलत होतं, मधला आकडा नव्हताच. चाळीस आणि साठ दोन्हींनी पट्टे आणखी गडद झाले. मोटर बंद करायला सांगावी म्हणून तो खिडकीपाशी गेला. खाली बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. बोअर बारीक धारेनं का होईना, पाणी देत होती. तो तसाच परत आला.

बाकावर बसून त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. इतका थकवा त्याला चार-चार दिवसांच्या लग्नांतही आला नव्हता. डोकं चालत नव्हतं. सर फळ्याला टेकून उभे होते, तेही दमलेले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"हे पडदे कशाला ओढलेत मग?" कमलम्मा म्हणाल्या. "जीव घुसमटतोय."

"बाहेरचा आवाज—" भीमाशंकर सांगायला गेला आणि मधेच थांबला. आवाजाचं आता काय काम होतं? आवाज तर आधीच पेटीत बंद होता.

तो उठला, एकेक करत सगळे पडदे सरकवले, खिडक्या सताड उघडल्या. उत्तरेकडचा हॉल. ऊन आत आलं नाही, पण उजेड आला, भरपूर, सगळीकडं सारखा. टँकरचा हॉर्न आला, घागरींचा खडखडाट आला, धुळीचा वास आला. त्यानं बटण दाबून सगळ्या ट्यूब बंद केल्या आणि पंखे लावले. लॅपटॉपवर फळा दिसला, काळा स्वच्छ फळा, वरपासून खालपर्यंत एकही पट्टा नाही.

"सूर्य लुकलुकत न्हाई," तो म्हणाला. सर आवाज न करता हसले, खांदे तेवढे हलले.

मग दिवसभर ते चाललं. स्पीकरवरून सरांचा आवाज बोलायचा आणि सर मुक्यानं लिहायचे. आधी त्यांचा मेळ बसेना. आवाज पुढं निघून जायचा, हात मागं राहायचा. भीमाशंकर थांबवायचा, मागं न्यायचा, परत लावायचा. हळूहळू सरांना आपल्याच बोलण्याची लय सापडली. आपण कुठं थांबतो, कुठं खडू आपटतो, कुठं एकच गोष्ट दोनदा सांगतो, हे त्यांनी आजवर कधी ऐकलं नव्हतं. एकदा स्पीकरवरचा आवाज नेहमीच्या सवयीनं "कळलं का?" म्हणाला आणि सर लिहिता लिहिता रिकाम्या बाकांकडं वळले. ते चित्र नको होतं, ओठ दिसत होते. पण भीमाशंकरनं कॅमेरा थांबवला नाही.

कमलम्मा खिडकीशी बसून ऐकत होत्या. बाहेरचा गलका आणि आतला तो आवाज. त्या दिवशी त्यांनी थर्मास एकदाही उघडला नाही.

संध्याकाळी उजेड उतरला तेव्हा वीज आली होती. उरलेला भाग भीमाशंकरनं ट्यूब लावून, शटर पन्नासवर ठेवून घेतला. थेट विजेवर चित्र स्थिर राहिलं.

एक धडा मात्र उरला होता, जो अजून बोललाच गेला नव्हता. पुढं-मागं होणाऱ्या विजेचा. गुरुवारी सकाळी सर हॉलवर आले, पंचा सोडून बाजूला ठेवला आणि पाटीवर लिहून भीमाशंकरला विचारलं, ते खराब चित्र फळ्याशेजारी दाखवता येईल का?

"माझी चूक पोरास्नी दाखवता व्हय?" भीमाशंकर म्हणाला.

सरांनी लिहिलं: चूक नाही. प्रयोग.

कमलम्मांनी या वेळी अडवलं नाही. पण सरांनी माइक लावायच्या आधी त्यांनी फोन काढला, नायगावचा नंबर लावला आणि तो सरांच्या कानाला धरला. सर उभ्या उभ्या नातीशी बोलले. काय खाल्लं, शाळेला सुट्टी लागली का, मांजराला किती पिल्लं झाली. आवाज तुटत होता, पण ते बोलत राहिले. भीमाशंकर माइकची वायर गुंडाळत आणि उलगडत राहिला. बोलणं संपल्यावर कमलम्मांनी फोन परत घेतला आणि म्हणाल्या, "आता शिकवा."

खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखे बंद, शटर पन्नासवर. सरांनी लॅपटॉपवरच्या पट्ट्यांकडं बोट केलं आणि सुरुवात केली, "मुलांनो, हे पट्टे बघा. हा दिवा तुम्हाला सतत पेटलेला वाटतो. तो तसा नसतो." पहिली काही मिनिटं आवाज चांगला चालला. डोंगर आणि दऱ्या झाल्या, शंभर वेळा उजळणं-मंदावणं झालं. मग शब्दांच्या कडा झिजायला लागल्या. एक शब्द आला, दुसरा नुसता श्वास होऊन आला. सर पाणी प्यायले, त्यांनी परत प्रयत्न केला. घशातून खर्र असा आवाज आला, बाकी काही नाही.

भीमाशंकरनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. सरांनी हातानं खूण केली, चालू ठेव. आणि पाठ फिरवून राहिलेला धडा ते फळ्यावर लिहीत गेले, आकृत्या काढत, बाण मारत. हॉलमध्ये खडूचाच आवाज होता. शेवटी त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि कमलम्मांकडं बघून मान हलवली. झालं.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. लेकीच्या घरी नायगावला महिनाभर राहून सर परतले. गळ्यातल्या श्वासाच्या छिद्रावर एक जाळीचा कपडा, आणि पूर्वीपेक्षा अर्धाच माणूस. भीमाशंकरनं मधल्या काळात सगळे धडे जोडून दिले होते. आवाज आणि हात जुळवताना खडूचा पहिला ठोका शोधायचा आणि त्यावर बसवायचा, असं त्याचं चाललं होतं. गुणाबाई वैतागायची. सगळं घर फिजिक्सनं भरलंय म्हणायची.

जुलैत शिकवणी सुरू झाली. पोरं निम्मीच परतली होती. भीमाशंकर पहिल्या दिवशी प्रोजेक्टरची वायर जोडून द्यायला गेला आणि काही बिघडलं तर असावं म्हणून मागच्या बाकावर बसून राहिला. पडद्यावर सरांचे हात लिहीत होते, आवाज समजावत होता, आणि खुद्द सर पडद्याशेजारी स्टुलावर गप्प बसले होते. पोरं आधी त्यांच्याकडं बघत होती, नंतर पडद्याकडं बघायला लागली. कमलम्मा दारात उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

विजेच्या धड्यात पडद्यावर ते पट्टे आले तेव्हा एका मुलीनं हात वर केला. सरांनी बटण दाबून चित्र थांबवलं.

"सर, मोबाइलवर घेतलं तरी असे पट्टे दिसतात का?"

सरांनी खिशातून आपला फोन काढून तिच्यापुढं धरला आणि छताच्या ट्यूबकडं बोट दाखवलं. तू बघ आणि मला सांग, असं त्या खुणेत होतं. सगळी पोरं बाकं सरकवत तिच्याभोवती जमली. सर परत जाऊन स्टुलावर बसले. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, डोळे मिटले, आणि पोरांचा गलका ऐकत राहिले.